‘नादार’मधला ‘दार’

‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ हे 2016च्या कायद्याचे मराठी नाव. ‘दिवाळखोर’मधला ‘खोर’ फार्सी ‘खुर्दन’चा, म्हणजे खाण्याचा, लाचखोरातलाही तोच. ‘दिवाळे’ मात्र देशी दिसते, आणि त्याचे नाते दीपाशी असावे. बुडालेला व्यापारी पेढीवर दिवा पेटवून ठेवी आणि हिशेबाचा निकाल लागेपर्यंत स्वतः तोंड लपवी, अशी हकिकत जुन्या इंग्रजी कोशांत आहे. व्युत्पत्ती वादाची, पण सोडवत नाही.

‘नादार’ त्या मानाने सरळ. फार्सी ‘दाश्तन’ म्हणजे बाळगणे. त्यातला ‘दार’ जमीनदारात आहे आणि गंमत म्हणजे कर्जदारातही. ‘ना’ लागला की हाती काही न उरलेला. जुन्या पिढीला ‘नादारी’ म्हटले की शाळेची फीमाफीच आठवेल.

हा ‘दार’ संहितेतही महत्त्वाचा. कंपनीच्या नादारीच्या नेहमीच्या प्रक्रियेत न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात आणि कारभार निराकरण व्यावसायिकाकडे जातो. मालक दोन्ही अर्थांनी नादार! 2021मध्ये लघुउद्योगांसाठी आलेल्या ‘प्रीपॅक’मध्ये कारभार संचालकांकडेच राहतो. व्यावसायिक देखरेख करतो. गैरव्यवहार दिसला तर मात्र धनकोंची समिती कारभार त्याच्याकडे सोपवण्याची मागणी न्यायाधिकरणाकडे करू शकते.

‘प्री’चा अर्थ इथे अक्षरशः घ्यावा. समजा, भोसरीतल्या एका छोट्या कंपनीचे 40 लाखांचे हप्ते थकले आहेत. नेहमीच्या वाटेला किमान 1 कोटीची थकबाकी लागते. प्रीपॅकला 10 लाख पुरतात. अर्ज मात्र कंपनीनेच करायचा, बँकेने नव्हे. आणि तोही मूल्याने 66 टक्के वित्तीय धनकोंची संमती आधी मिळवून. दोन बँकांचे मिळून 60 लाख येणे असेल आणि त्यातले 42 लाख एकीचे, तर तिचा एकटीचा होकार पुरे. संचालकाच्या भावाने दिलेले कर्ज या मोजणीत धरत नाहीत.

‘धनको’ आणि ‘ऋणको’ ही जोडी जुन्या कर्जरोख्यांतली. संस्कृतात उत्तमर्ण आणि अधमर्ण. ऋण देणारा उत्तम, घेणारा अधम, असा निवाडा शब्दातच! प्रीपॅकमध्ये या अधमर्णालाच पहिली योजना मांडायचा मान आहे. पण त्या मूळ योजनेत माल पुरवणाऱ्यांचे पैसे कापले असतील, किंवा समितीला ती पटली नाही, तर बाहेरच्यांकडूनही योजना मागवल्या जातात. मग मालकाला स्पर्धेला तोंड द्यावे लागते, आणि कंपनी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते.

मुदतही आखूड आहे. नेहमीच्या प्रक्रियेला 180 दिवस, वाढवून 270, आणि कोर्टकज्जे धरून 330. प्रीपॅकला एकूण 120. त्यातल्या 90 दिवसांत मंजूर योजना न्यायाधिकरणापुढे गेली पाहिजे. खरी घासाघीस अर्जाआधीच उरकायची असते, आणि ती या दिवसांत मोजली जात नाही.