प्लेट : नाइफ, बॉक्स आणि इन्व्हर्टेड

स्कर्ट किंवा पँटचा घेर कंबरेपाशी मापात आणून खाली मोकळा सोडण्यासाठी कापडाला घातलेली पक्की घडी. शिरूर-दौंड भागात प्लेटा सर्वांत ठळक दिसतात त्या शाळेच्या गणवेशात. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी शिंप्यांकडे या शिवणाची गर्दी असते.

नाइफ प्लेटमध्ये सगळ्या घड्या एकाच दिशेला पडतात. बॉक्स प्लेटमध्ये दोन घड्या एकमेकींपासून दूर वळतात, त्यामुळे सुलट बाजूला उठावदार पट्टी दिसते. इन्व्हर्टेडमध्ये त्या समोरासमोर येऊन भिडतात आणि जास्तीचे कापड मागे दडते. बॉक्स प्लेटचा स्कर्ट उलटा करून पाहिला, तर आतून इन्व्हर्टेडच दिसते.

कापड मात्र तिन्हींना सारखेच लागते, पूर्ण प्लेटांसाठी घेराच्या तिप्पट. हा घेर कंबरेचा नव्हे, सीटचा धरायचा. समजा मुलीची कंबर 24 इंच आणि सीट 28 आहे. सीटमध्ये 2 इंच सैल धरून 30 झाले, म्हणजे कापड 90 इंच आणि जोडाची दाब वेगळी. नाइफच्या 24 प्लेटा घातल्या, तर सीटवर प्रत्येक सव्वा इंच दिसते आणि अडीच इंच आत जाते. कंबरेवर प्रत्येक घडी पाव इंच जास्त चढवली की दिसणारा भाग 1 इंच उरतो आणि 24 इंच बरोबर जुळतात. त्याच कापडात अडीच इंची 12 बॉक्स बसतात. फक्त कंबर मोजून 72 इंच घेतले, तर मुलगी नुसती उभी असतानाही सीटखाली प्लेटांची तोंडे उघडी राहतात.

खालचा हेम आधी शिवावा, मग घड्या घालून कच्चा दोरा मारावा आणि इस्त्री करावी. घडी उभ्या धाग्यावरच हवी. तिरकी गेली तर स्कर्टचा तळ वरखाली होतो. कंबरेपासून सीटपर्यंत प्लेट टिपेने बंद केली की पोट सपाट दिसते. इन्व्हर्टेडमध्ये टीप संपते तिथेच ताण येतो, म्हणून तिथे आडवा टाका हवाच. नाइफ अंगासरशी पडते, बॉक्स थोडी फुगून उभी राहते, इन्व्हर्टेड पाऊल टाकल्यावर उघडते. टेरिकॉटवर घडी टिकते. निव्वळ सुती कापडाला प्रत्येक धुण्यानंतर इस्त्री लागते.

पँटला पुढच्या प्रत्येक भागावर एक किंवा दोन नाइफ प्लेटा असतात, चेनकडे किंवा खिशाकडे वळलेल्या. पहिली प्लेट इस्त्रीच्या उभ्या घडीत मिसळली पाहिजे. पँटची प्लेट फक्त बेल्टमध्ये पकडतात, फार तर इंचभर शिवतात, कारण बसताना ती उघडणे हेच तिचे काम. उभ्यानेच उघडत असेल, तर सीट तंग आहे असे समजावे.

स्कर्ट शिवायला टाकताना शिंप्याने सीटचे माप घेतले की नाही, एवढे पाहूनच दुकानातून निघावे.