मंदिराच्या दारातले न्यायालय

राज्य एकीकडे, धर्म दुसरीकडे, आणि मध्ये आखलेली एक रेघ, अशी सेक्युलर या शब्दाची कल्पना मीही बरीच वर्षे बाळगली होती. ती रेघ आखतो कोण, हा प्रश्न मला पडला तो १९६६ सालचा एक निकाल वाचताना.

मुंबई प्रांतात १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. जानेवारी १९४८ मध्ये अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींनी दावा लावला. आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून हा कायदा आमच्या मंदिरांना लागू होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. समोर होते दलितांचे नेते मूळदास वैश्य. खालच्या कोर्टाने सत्संगींच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

पेच नीट पाहावा. घटनेचे २५ वे कलम हिंदूंच्या सार्वजनिक धर्मस्थळांची दारे सर्व हिंदूंना खुली करण्याची मुभा राज्याला देते. दार उघडायचे, तर आधी ते दार हिंदूंचे ठरले पाहिजे. समतेची वाट धर्माच्या व्याख्येतून जात होती. म्हणून सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी हिंदू कोणाला म्हणावे याची प्रदीर्घ चर्चा केली, त्यात टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला, आणि सत्संगी हिंदूच आहेत असे ठरवले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. या दाव्यामागे अंधश्रद्धा, अज्ञान आणि खुद्द स्वामीनारायणांच्या शिकवणुकीविषयीचा गैरसमज आहे, असेही त्यांनी लिहिले. सेक्युलर न्यायपीठ अनुयायांना त्यांच्याच गुरूचा खरा अर्थ सांगत होते!

तलाल असद म्हणतात ते इथे हाताला लागते. धर्म आधीपासून तयार आहे आणि आधुनिक राज्य त्याच्यापासून फक्त दूर उभे राहते, असे होत नाही. धर्म म्हणजे काय आणि त्यातले खरे किती, हे ठरवण्याचा अधिकार घेऊनच राज्य सेक्युलर होते. दोन्ही कोटी एकाच कामातून घडतात. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात न्यायालयाने धर्माचे आवश्यक अंग त्या धर्माच्याच सिद्धान्तांवरून ओळखावे असे म्हटले होते. पुढे ती ओळख पटवण्याचे काम न्यायाधीशांकडेच आले.

मात्र ही टीका करताना माझा हात एका ठिकाणी अडखळतो. राज्याने हा अधिकार घेतला नसता, तर मूळदास बाहेरच राहिले असते. संप्रदायाची स्वायत्तता म्हणजे इथे दाराची कडी आतून लावण्याची मुभा होती. द्वैताची चिकित्सा करणारे पुष्कळ लेखन ही कडी पाहतच नाही, असे माझे मत आहे.

उलट बाजूही आहे. दलितांसाठी दार उघडताना केलेली ती ऐसपैस व्याख्या निकालपत्रांतून पुढे चालत राहिली. विलेपार्ले मतदारसंघातल्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितल्याचा खटला १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. रमेश प्रभू यांची निवड तेव्हा रद्दच राहिली. पण हिंदुत्व ही सर्वसाधारणपणे जीवनपद्धती समजता येईल, असे सांगताना न्यायमूर्ती वर्मांनी जुन्या निकालांचा आधार घेतला, आणि त्यांत सत्संगींचा हा निकालही होता.