दोन करपद्धती आणि बरोबरीचा बिंदू

१ फेब्रुवारी २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अंदाजपत्रक मांडताना एक उदाहरण दिले. वर्षाला १५ लाख रुपये मिळविणारा आणि कोणतीही वजावट न घेणारा मनुष्य जुन्या दरांनी २,७३,००० रुपये प्राप्तिकर भरतो. नव्या दरांनी त्यास १,९५,००० रुपयेच भरावे लागतील. म्हणजे ७८,००० रुपयांचा लाभ. हिशेब बिनचूक होता. मात्र ‘कोणतीही वजावट न घेणारा’ या शब्दांवरून पुष्कळांची नजर घसरून गेली, आणि खरी मेख तेथेच होती.

तिचे मूळ पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. २००५ साली प्राप्तिकर कायद्यात ‘८० सी’ हे कलम आले. तत्पूर्वी बचतीबद्दलची सवलत आकारलेल्या करातून मिळत असे. आता बचतीची रक्कम उत्पन्नातूनच वजा होऊ लागली. आरंभी तिची मर्यादा १ लाखाची होती, ती २०१४ साली दीड लाखाची झाली. भविष्यनिर्वाह निधी, विम्याचे हप्ते, मुलांचे शिक्षणशुल्क, घरकर्जाचे मुद्दल ही सारी त्यात येत. फेब्रुवारी उजाडला की पावत्यांची जमवाजमव करणे हा पगारदाराच्या घरचा एक वार्षिक कुळाचारच होऊन बसला होता! २०२० च्या कायद्याने ‘११५ बीएसी’ या कलमाखाली दुसरा मार्ग खुला केला: दर हलके, परंतु या वजावटी बहुतेक साऱ्या सोडावयाच्या. पहिला मार्ग बंद केला नाही. निवड करदात्यावर सोपविली.

मग निवडावे कसे? दोन्ही मार्गांनी कर जेथे सारखाच येतो, तो वजावटीचा आकडा शोधावा. त्यास आपण बरोबरीचा बिंदू म्हणू. उपकर दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो बाजूस ठेवू. १५ लाखांवर जुना कर २,६२,५०० आणि नवा १,८७,५००. अंतर ७५,००० चे. जुन्या पद्धतीत १० लाखांवरील प्रत्येक रुपयावर तीस पैसे कर असे, म्हणून वजावटीचा एक रुपया तीस पैसेच वाचवितो. दीड लाख गुंतविले म्हणजे दीड लाख कर वाचला, असे समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. वाचतात ते ४५,०००. तेव्हा ७५,००० वाचविण्यास अडीच लाखांची वजावट हवी. पडताळा पाहा: १५ लाखांतून अडीच लाख गेले की उरले साडेबारा लाख, आणि त्यावर जुना कर नेमका १,८७,५०० येतो.

अडीच लाख ऐकावयास मोठे वाटतात. परंतु जुन्या पद्धतीत पगारदारास ५०,००० ची प्रमाणित वजावट पावतीवाचून मिळत होती आणि नवीत तेव्हा तीही नव्हती. ‘८० सी’चे दीड लाख आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील ५०,००० धरले की बेरीज पुरी होते. घरकर्ज किंवा घरभाडे असलेल्यास नवा मार्ग अर्थातच तोट्याचा होता.

हा बिंदू उत्पन्नागणिक सरकतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याच वर्षी १० लाखांच्या उत्पन्नावर अंतर ३७,५०० चे होते. येथे वजावटीचा रुपया वीस पैसेच वाचवीत असल्याने बिंदू १,८७,५०० वर येतो. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नव्हे.

पुढे सरकारने जुन्या पद्धतीचे दर जवळजवळ तसेच ठेवले आणि नवी गोड करीत नेली. २०२३ साली प्रमाणित वजावट नवीतही आली आणि तीच मूळ पद्धत ठरली. आता जुनी हवी असणाऱ्याने तसे सांगावयाचे. २०२४ साली नवीतील ती वजावट ७५,००० झाली. २०२५ साली दर आणखी उतरले. तोच १५ लाखांचा पगारदार घ्या. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाऊन १४,२५,००० वर त्याचा कर ९३,७५० झाला. जुन्या पद्धतीत एवढाच कर येण्यास करपात्र उत्पन्न ९,०६,२५० पर्यंत खाली आणावे लागते, म्हणजे ५,९३,७५० रुपयांची वजावट हवी. पाच वर्षांत बिंदू दुपटीहून पुढे गेला.

येथे २०२० पूर्वी घरकर्ज काढलेल्या गृहस्थाची पंचाईत होते. कर्ज वीस वर्षांचे आणि दर मात्र अंदाजपत्रकागणिक बदलणारे. त्याची बेरीज करून पाहू: प्रमाणित वजावट ५०,०००, ‘८० सी’चे दीड लाख, निवृत्तिवेतन योजनेचे ५०,०००, आरोग्यविम्याचे २५,००० आणि राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाचे, मर्यादेप्रमाणे, २ लाख. एकूण ४,७५,०००. एवढे सारे करूनही तो बिंदूच्या १,१८,७५० रुपये अलीकडेच राहतो. ज्याचे घर एका गावी आणि नोकरीमुळे भाड्याचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी, त्यासच भाडेभत्त्याच्या सवलतीने हे अंतर बहुधा ओलांडता येते. बाकीच्यांनी हप्ते फेडीत राहावयाचे, ते घरासाठी; करासाठी त्यांचा उपयोग उरला नाही.