'बघू', 'जमलं तर येतो': बेत ठरवताना स्पष्ट उत्तर कसं मिळवाल?

ग्रुपवर सहलीचा विषय निघतो. 'कोण कोण येणार?' असं विचारल्यावर दोघं-तिघं लगेच 'येणार' म्हणतात. बाकीच्यांची उत्तरं येतात, 'बघू', 'जमलं तर येतो', 'नंतर सांगते'. एरवी अशा उत्तरांनी काही बिघडत नाही. पण तिकिटं काढायची असतील, तर ती काढणाऱ्याला आकडा लागतो. समोरच्याला न दुखावता तो आकडा कसा मिळवायचा, ते एका उदाहरणातून पाहू.

'बघू' म्हणजे नक्की काय?

'बघू' हे क्रियापद 'आपण'चं आहे. त्यात निर्णय कोणा एकाचा राहत नाही. 'जमलं तर येतो' यात तर जमवणारा कोणीच नाही. जमणं आपोआप व्हायचं आहे. याउलट 'बघतो आणि सांगतो' किंवा 'जमवते' असं कोणी म्हणालं, तर त्याने काम स्वतःकडे घेतलेलं असतं. हा फरक दरवेळी खरा ठरेलच असं नाही, पण पहिला अंदाज बांधायला उपयोगी पडतो.

'बघू' म्हणण्यामागे साधारण दोन कारणं असतात. एक म्हणजे खरंच काहीतरी अडलेलं असतं: रजा मंजूर व्हायची असते, पैशांचं गणित बसत नसतं, किंवा आणखी कोण येतंय ते कळायचं असतं. दुसरं कारण म्हणजे यायचं नसतं, पण चारचौघांत तोंडावर 'नाही' म्हणणं जड जातं. दोन्ही वेळी शब्द तोच असतो, म्हणून नुसता शब्द वाचून निष्कर्ष काढता येत नाही.

उदाहरण: सहा जणांची चिपळूण सहल

समजा, तुम्ही सहा मित्र-मैत्रिणी 18 डिसेंबरला सकाळी मुंबईहून रेल्वेने चिपळूणला जाणार आहात आणि 20 तारखेला परत येणार आहात. रेल्वेचं सर्वसाधारण आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सुरू होतं. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे जाण्याचं आरक्षण 19 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता उघडेल आणि परतीचं 21 तारखेला. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जणांची नावं टाकता येतात.

अशा वेळी 'माझं नाव टाकून ठेव, मग बघू' हा सल्ला हमखास येतो. पण आरक्षित तिकीट एका मित्राच्या नावावरून दुसऱ्या मित्राच्या नावावर करता येत नाही. आई-वडील, भावंडं, पती-पत्नी, मुलं अशा जवळच्या नात्यातच ते करता येतं, आणि त्यासाठीही गाडी सुटण्याच्या किमान 24 तास आधी अर्ज द्यावा लागतो. म्हणून न येणाऱ्याचं नाव टाकलं तर तिकीट रद्द करावं लागतं आणि काही पैसे जातात.

आता ग्रुपवर तिघांनी होकार दिला आहे आणि तिघं 'बघू'वर आहेत.

पायरी 1: ग्रुपवर नको, एकेकट्याला विचारा

ग्रुपवर 'नाही' म्हटलं की त्याचं कारण सगळ्यांपुढे मांडावं लागतं. पैशांची अडचण तर कोणी तिथे लिहिणारच नाही. म्हणून त्या तिघांना वेगवेगळा मेसेज करा. 'येणार की नाही?' असं विचारू नका, काय अडलंय ते विचारा:

'अरे, चिपळूणचं कशावर अडलंय? रजा, खर्च की आणखी काही? बदलण्यासारखं असेल तर बदलू.'

ज्याचं खरंच अडलंय, तो ठोस गोष्ट सांगतो. समजा, ऑफिसातला मित्र म्हणाला, 'रजेचं 15 तारखेला कळेल.' हे उत्तर उत्तम, कारण त्यात कारणही आहे आणि तारीखही. शाळेतली मैत्रीण म्हणाली, 'हॉटेल जरा महाग वाटतंय.' हेही उपयोगाचं, कारण आता स्वस्त खोलीचा विचार करता येईल. तिसरा म्हणाला, 'तसं काही नाही रे, बघू.' विशिष्ट प्रश्नालाही पुन्हा 'बघू' आलं, तर ते बहुधा सौम्य 'नाही' असतं.

पायरी 2: मुदत द्या, आणि तिचं कारणही

'लवकर सांग' यातला 'लवकर' प्रत्येकाचा वेगळा असतो. दिवस आणि वेळ सांगा. कारण रेल्वेचं असेल तर तुम्ही मागे लागला आहात असं वाटत नाही. तसंच उत्तर आलं नाही तर काय होईल, तेही आधीच लिहा:

'19 तारखेला सकाळी 8 ला तिकिटं काढतोय. 17 तारखेला रात्री 9 पर्यंत हो-नाही सांग. निरोप आला नाही तर तुझं नाव धरत नाही, पुढच्या वेळी नक्की जाऊ. नाही जमणार असेल तरी हरकत नाही, कारण सांगायची गरज नाही.'

शेवटचं वाक्य वगळू नका. 'नाही'चं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही हे कळलं की अनेकांचं 'बघू' लगेच 'नाही' होतं. तुम्हाला आकडा हवा आहे, त्यामुळे 'नाही' हेही कामाचं उत्तर आहे.

पायरी 3: मुदत पाळा

15 तारखेला मित्राची रजा मंजूर झाली. मैत्रिणीने कमी खर्चाच्या खोलीला होकार दिला. तिसऱ्याकडून काही आलं नाही. 17 ला संध्याकाळी त्याला एकच आठवण करा: 'आज 9 पर्यंत सांग, म्हणजे तिकिटात तुला धरतो.' त्यानंतरही उत्तर नसेल तर 19 ला पाच तिकिटं काढा आणि ग्रुपवर साध्या शब्दांत कळवा. टोमणा नको. तुम्ही त्याच्यासाठी थांबलात, तर पुढच्या वेळी तुमची मुदत कोणी मनावर घेणार नाही.

20 तारखेला तो म्हणाला, 'अरे, मी येतोय ना!' तर 'ये की, त्याच गाडीचं तिकीट मिळतंय का बघ' असं सांगा. दार उघडं राहतं आणि तिकीट शोधण्याचं काम त्याच्याकडे जातं.

घरातल्या मोठ्यांचं 'बघू'

काका किंवा आत्यांना 'अमुक वाजेपर्यंत सांगा' असं म्हणणं बरं दिसत नाही. त्यांना मेसेज न करता फोन करा आणि निर्णय सोपा करून द्या: 'आत्या, तुमचं खालचं बर्थ मिळावं म्हणून तिकीट पहिल्याच दिवशी काढायचं म्हणतोय. काढू ना?' तब्येतीची किंवा प्रवासाची काळजी असेल तर ती इथे बाहेर येते. 'कशाला उगाच, तुम्ही जा' असं उत्तर आलं तर एकदा आग्रह करा. पुन्हा तेच आलं तर ते 'नाही' समजा.

कुठे घाई करू नये

घरात आजारपण असेल किंवा नोकरीचं अनिश्चित असेल, तर त्या माणसाला खरंच सांगता येत नसतं. तिथे मुदतीचा उपयोग नाही. त्याच्याशिवाय बेत ठरवा आणि तसं त्याला स्पष्ट सांगा. आणि नुसता संध्याकाळी चहाला भेटायचा बेत असेल, तर 'बघू'ला 'बघू'च राहू द्या. त्यात कोणाचं तिकीट वाया जात नाही.