जनहित याचिका : डहाणू-तारापूर परिसर

स्वतःचा हक्क डावलला गेला नसतानाही, दारिद्र्यामुळे वा अज्ञानामुळे न्यायालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या समूहाच्या वतीने दाखल केलेल्या अर्जास जनहित याचिका म्हणतात. ज्याचे नुकसान झाले त्यानेच दाद मागावी, हा जुना नियम (याचिकाधिकार) सर्वोच्च न्यायालयाने 1981 च्या एस. पी. गुप्ता निकालात शिथिल केला. अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 32 खाली आणि उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली दाखल होते. आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर या मार्गाने काय साधले व काय निसटले, हे डहाणूच्या औष्णिक वीज प्रकल्पाच्या प्रकरणात विशेष स्पष्ट दिसते.

वारली आदिवासी, मच्छीमार आणि चिकूचे बागायतदार यांच्या या तालुक्यात 500 मेगावॅटचा कोळशावरील प्रकल्प मंजूर झाला, तेव्हा स्थानिक पर्यावरणवादी गटाने त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ते फेटाळले. प्रकल्पाची जागा ठरवणे हे शासनाचे काम असून शासनाने संबंधित बाबींचा विचार केला की नाही एवढेच न्यायालय पाहील, अशी त्यामागची भूमिका होती. मात्र धुरातील गंधकवायू शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याची जी अट मंजुरीत होती, ती पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असेही न्यायालयाने बजावले. हरलेल्या खटल्यातील या एका वाक्याचे मोल पुढे फार मोठे ठरले.

20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून उद्योगांवर आणि तालुक्याभोवतीच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्यावर निर्बंध घातले. अधिसूचना कागदावरच राहू लागली, तेव्हा मुंबईतील पत्रकार बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 31 ऑक्टोबर 1996 रोजी न्यायालयाने केवळ आदेश देऊन प्रकरण मिटवले नाही, तर निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचे कायम प्राधिकरण नेमण्यास केंद्राला सांगितले आणि प्रदूषकानेच नुकसान भरावे व धोक्याची शंका असली तरी आधीच खबरदारी घ्यावी, ही दोन तत्त्वे त्याच्या कामाचा आधार ठरवली. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थापन झाले. दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत नसलेल्या गावकऱ्याला आपले म्हणणे मांडण्यासाठी जवळची जागा मिळाली, हे या निकालाचे सर्वांत मोठे फलित मानावे लागेल.

प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव नाकारला आणि 1999 मध्ये वीज कंपनीला गंधक-शोषक यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. तरीही ती प्रत्यक्ष सुरू होण्यास 2007 साल उजाडले, आणि त्यासाठी 300 कोटी रुपयांच्या बँक हमीचा बडगा उगारावा लागला. न्यायालयीन आदेशाची अंमलबजावणी नेटाने पाठपुरावा करणाऱ्या माणसांवर किती अवलंबून असते, हे यातून दिसते. न्या. धर्माधिकारी 2019 मध्ये निवर्तले. त्यानंतर त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये वाढवण बंदरास सशर्त परवानगी दिली, आणि तिच्याविरुद्ध मच्छीमार संघटनांसह इतरांनी केलेल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये फेटाळल्या. जनहित याचिकेतून निर्माण झालेली संस्था जेव्हा स्वतःच परवानगी देते, तेव्हा न्यायालय तज्ज्ञांच्या मताच्या जागी स्वतःचे मत सहसा ठेवत नाही.

डहाणूच्या दक्षिणेस लागून असलेल्या बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये निराळा मार्ग धरला आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. सांडपाण्याचे नमुने, मासळीची घट, कोणत्या कारखान्याचा वाटा किती, असे वादग्रस्त तथ्यांचे प्रश्न केवळ प्रतिज्ञापत्रांवर निकाली काढणे उच्च न्यायालयाला अवघड जाते. न्यायाधिकरणाला मात्र त्यासाठी तज्ज्ञ सदस्य आणि नुकसानभरपाईचा स्पष्ट अधिकार कायद्यानेच दिला आहे. न्यायाधिकरणाने समिती नेमून तपासणी करवली आणि जानेवारी 2022 मध्ये दोषी उद्योगांवर व सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरणीय भरपाई बसवली. अशा आदेशावर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, त्यामुळे आदेश आणि वसुली यांमध्ये वर्षे जाऊ शकतात.

शिवाय पर्यावरणीय भरपाई आणि पीडिताची भरपाई या दोन वेगळ्या बाबी आहेत. ज्याच्या जाळ्यात मासळी येईनाशी झाली त्या मच्छीमाराला वैयक्तिक नुकसानीसाठी 2010 च्या हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 15 खाली अर्ज करावा लागतो, आणि त्याची मुदत दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून 5 वर्षे आहे. खाडीचे पाणी वर्षानुवर्षे हळूहळू नासत गेले असता हे ‘प्रथम’ केव्हा घडले, हे दाखवणे बोटीच्या व मासळी-विक्रीच्या नोंदी न ठेवणाऱ्या कुटुंबाला अत्यंत कठीण जाते.