रोजच्या दोषांचा कंट्रोल चार्ट: मर्यादा काढा, बिघडलेला दिवस आपोआप ओळखा

काल 9 दोष सापडले, आज 12. काळजी करायची का? आकडा रोज थोडा वर-खाली होणारच. ही नेहमीची हालचाल कुठे संपते आणि खरा बिघाड कुठे सुरू होतो, ती रेषा आकड्यांवरूनच काढायची पद्धत म्हणजे कंट्रोल चार्ट. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये तो पहिल्यांदा मांडला. दोषांच्या मोजणीसाठी त्याचा जो प्रकार वापरतात, त्याला c-चार्ट म्हणतात.

समजा, आपण रोज 100 सर्किट बोर्ड तपासतो आणि सोल्डरिंगचे दोष मोजतो. एका बोर्डावर तीन दोष असतील तर तीनही मोजायचे. इथे दोष मोजतोय, खराब बोर्ड नाही. 20 दिवसांचे आकडे असे आले:

7, 9, 6, 11, 8, 5, 10, 9, 7, 8, 12, 6, 9, 24, 8, 10, 7, 5, 11, 8

बेरीज 180, म्हणजे सरासरी 9. c-चार्टमध्ये सरासरीच्या वर्गमूळाची तिप्पट घ्यायची. ती सरासरीत मिळवली की वरची मर्यादा आणि वजा केली की खालची. 9 चं वर्गमूळ 3, त्यामुळे वरची मर्यादा 18 आणि खालची 0. चौदाव्या दिवसाचे 24 दोष सरळ बाहेर पडतात.

बरेच जण इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते. त्या 24 नं सरासरी फुगवलीय, आणि तिच्यासोबत मर्यादाही. चौकशीत कळलं की त्या दिवशी स्टेन्सिलची छिद्रं पेस्टनं बुजली होती. कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, म्हणून तो दिवस हिशोबातून वगळायचा. आता 19 दिवसांची बेरीज 156, सरासरी 8.21 आणि वरची मर्यादा 16.81. एकविसाव्या दिवशी 17 दोष आले तर जुन्या मर्यादेत ते खपून गेले असते, नव्या मर्यादेनं पकडले जातात. मात्र कारण न सापडता, केवळ आकडा मोठा दिसतो म्हणून दिवस वगळायचा नाही.

शीटमध्ये A मध्ये तारीख, B मध्ये दोष, आणि वगळायच्या दिवसासमोर C मध्ये `x` लिहा. पहिली ओळ शीर्षकांची, डेटा दुसऱ्या ओळीपासून. H1 मध्ये सरासरी, H2 मध्ये वरची आणि H3 मध्ये खालची मर्यादा:

```
H1: =AVERAGEIFS(B2:B21,C2:C21,"<>x")
H2: =H1+3*SQRT(H1)
H3: =MAX(0,H1-3*SQRT(H1))
D2: =IF(B2="","",IF(OR(B2>$H$2,B2<$H$3),"तपासा",""))
E9: =IF(COUNT(B2:B9)<8,"",IF(OR(MIN(B2:B9)>$H$1,MAX(B2:B9)<$H$1),"सरकले",""))
```

D2 आणि E9 खाली ओढा. H1 मधली रेंज मात्र B21 वरच ठेवा. रोज नवीन दिवस तिच्यात घेत गेलात तर दोष हळूहळू वाढतील, त्यांच्या मागोमाग मर्यादाही वाढेल आणि इशारा कधीच येणार नाही. प्रक्रिया खरोखर बदलली, उदाहरणार्थ नवीन मशीन आलं, तरच मर्यादा नव्यानं काढा. सुट्टीच्या दिवशी 0 भरू नका, ती ओळच टाकू नका.

E कॉलम सलग आठ दिवस सरासरीच्या एकाच बाजूला आहेत का, हे पाहतो. त्याची गरज का? सरासरी 9 किंवा कमी असली की खालची मर्यादा 0 वर येते आणि दोष शून्याखाली जाऊ शकत नाहीत. म्हणजे सुधारणा झाली तरी D कॉलम गप्पच राहणार. ती फक्त या आठ दिवसांच्या नियमात दिसते. सगळं ठीक असूनही वरच्या मर्यादेचा खोटा इशारा इथे साधारण 200 दिवसांत एखादाच येईल. तो वारंवार येत असेल तर दोष एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, एकाच कारणानं घोळक्यानं येतायत असं समजा.

शेवटची अट सगळ्यात जास्त विसरली जाते: रोजची तपासणी सारखीच हवी. एखाद्या दिवशी 200 बोर्ड तपासले तर 16-17 दोष अगदी नेहमीचेच, पण शीट 17 ला "तपासा" म्हणेल. बोर्डांची संख्या बदलत असेल तर u-चार्ट वापरा. त्यात दर बोर्डामागचे दोष घेतात आणि त्या दिवशीच्या संख्येनुसार (`n`) मर्यादा वेगळी निघते:

```
UCL = ū + 3*√(ū/n)
```

इथे `ū` म्हणजे एकूण दोष भागिले एकूण बोर्ड, आपल्या उदाहरणात 0.0821. 100 बोर्डांच्या दिवशी मर्यादा 0.168 येते, म्हणजे तीच जुनी 16.8. 200 बोर्डांच्या दिवशी ती 0.143 होते, म्हणजे जवळपास 28.6 दोष. मग 17 दोषांचा तो दिवस उगाच कुणाला कामाला लावत नाही.