नावाडी का गेला? मराठी परिच्छेदाच्या दोन चाली

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज इतिहास आहे मराठी वाक्याचा. म्हणजे वाक्याला वाक्य कसं जोडायचं, आणि त्या जोडणीमुळे वाचणाऱ्याच्या मनात काय होतं, याचा. कंटाळवाणं वाटतंय? दहा मिनिटं थांबा. शेवटी विषय ‘दोष कुणाचा’ या प्रश्नावर येणार आहे.

शाळेतलं व्याकरण आठवतंय का? संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य. संयुक्त वाक्यात दोन्ही वाक्यं बरोबरीची असतात आणि मध्ये ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ येतं. मिश्र वाक्यात एक मालक असतं, बाकीची त्याच्या हाताखाली. ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जरी–तरी’, ‘कारण’, ‘की’ ही तिथली माणसं. गद्याच्या शैलीबद्दल बोलताना यासाठी दोन ग्रीक शब्द वापरतात. वाक्यं नुसती शेजारी शेजारी ठेवली तर पॅराटॅक्सिस, एकाखाली एक लावली तर हायपोटॅक्सिस. पॅरा म्हणजे शेजारी, हायपो म्हणजे खाली.

आता एक छोटा प्रसंग घेऊ. तो मीच रचलाय. आधी असा ऐका:

पाऊस आला. नदी फुगली. नावाडी नाव बांधून घरी गेला. म्हातारी काठावर आली. तिने हाक मारली. कुणी ओ दिली नाही. ती तिथेच बसली.

सात वाक्यं, सात क्रियापदं. प्रत्येक वाक्यानंतर आपण थांबतो. आणि त्या थांब्यात आपलं डोकं काम करत असतं. नावाडी का गेला? पाण्याला घाबरून? की दिवस संपला म्हणून? कुणी सांगितलेलं नाही. कारण आपण जोडतो. शेवटचं ‘बसली’ येतं तेव्हा त्या म्हातारीची काळजीसुद्धा आपलीच असते, लेखकाने दिलेली नसते.

आता तोच प्रसंग असा:

नदी फुगल्यामुळे नावाडी नाव बांधून आधीच घरी गेलेला असल्याने, काठावर आलेल्या म्हातारीने जरी हाक मारली, तरी ओ द्यायला कुणीच नव्हतं, म्हणून ती तिथेच बसली.

पाऊस सोडला तर घटना त्याच. पण पूर्ण क्रियापदं तीनच उरली: मारली, नव्हतं, बसली. बाकीच्या घटना कारणं होऊन खाली गेल्या. लय बदलली. आता मध्ये थांबता येत नाही, शेवटचं क्रियापद येईपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने हे ओझं जास्तच जाणवतं. आणि एक गोष्ट गुपचूप घडली. नावाडी निर्दोष सुटला. ‘फुगल्यामुळे’ या एका शब्दाने लेखकाने त्याची बाजू मांडून टाकली.

उलटंही करता येतं. ‘जी म्हातारी शेवटी काठावर एकटीच बसून राहिली, ती यायच्या आधीच नावाडी नाव बांधून घरी गेला होता.’ घटना त्यातल्याच. फक्त आता मालक वाक्य नावाड्याचं आहे, म्हातारी खाली गेली आहे, आणि नावाडी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे.

हे लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर तेराव्या शतकात चला. साल साधारण 1278. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांचे शिष्य म्हाइंभट त्यांच्या आठवणी गोळा करायला लागतात. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, आणि पंथाचे आचार्य नागदेव यांच्याकडून ते पारखून घ्यायचं. यातून ‘लीळाचरित्र’ तयार झालं. मराठी गद्याचा आरंभ सांगताना ज्याचं नाव पहिल्यांदा घेतात, तो हा ग्रंथ.

म्हाइंभट संस्कृतचे पंडित होते. संस्कृतात लांब आणि गुंतागुंतीच्या गद्याची मोठी परंपरा होती. बाणभट्टाची ‘कादंबरी’ सातव्या शतकातली, आणि तिची वाक्यं पानंच्या पानं चालतात. म्हणजे लांब वाक्य इंग्रजांनी भारतात आणलं, असं अजिबात नाही. तरी लीळाचरित्राचं गद्य छोट्या छोट्या वाक्यांत चालतं. कोण आलं, काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, मग काय झालं. मध्ये ‘मग’, आणि पुढची घटना.

असं का? एक कारण सगळे सांगतात: ही बोलभाषा आहे. सामान्य शिष्यांना, बायकांना कळावं म्हणून संस्कृतऐवजी मराठीच हवी, हा नागदेवाचार्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हाइंभट साक्षी नोंदवत होते. ज्याने पाहिलं त्याने घटना सांगितली, त्यामागचा हेतू त्याला ठाऊक असेलच असं नाही. अशा वेळी ‘म्हणून’ आणि ‘कारण’ लिहिणं म्हणजे साक्षीदार बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालणं. शेजारी शेजारी ठेवलेली वाक्यं तेवढं सांगतात जेवढं पाहिलं गेलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात लॉग फाइल असते ना, तशी. प्रत्येक ओळ एक घटना. कारण वाचणाऱ्याने शोधायचं.

आता मराठीची एक खास सोय बघा. आपल्याकडे या दोन चालींच्या मध्ये तिसरी आहे: ‘-ऊन’. जुन्या मराठीतही तिची रूपं भरपूर दिसतात. ‘म्हातारी काठावर येऊन, हाक मारून, थोडं थांबून तिथेच बसली.’ व्याकरणाने पाहिलं तर येऊन, मारून, थांबून ही दुय्यम रूपं. त्यांना स्वतःचा काळ नाही, तो शेवटच्या ‘बसली’कडून उसना घ्यायचा. पण कानाला ती एकामागून एक चालणारी पावलं वाटतात. कारणही सांगत नाहीत, आणि थांबूही देत नाहीत.

तिला मर्यादा आहे. बहुतेक वेळा ‘-ऊन’च्या साखळीत काम करणारा एकच लागतो. ‘म्हातारी काठावर येऊन नावाडी घरी गेला’ म्हणून पाहा, लगेच खटकतं. माणूस बदलला की साखळी तोडावी लागते, नाहीतर ‘आल्यावर’, ‘आल्यामुळे’ असं काहीतरी आणावं लागतं. लीळाचरित्रात संवाद भरपूर आहेत आणि संवादात बोलणारा सतत बदलतो. वाक्यं आखूड असण्यामागे हेही एक साधं कारण असावं.

आता थेट एकोणिसाव्या शतकात उडी मारू. मधल्या काळात कारभाराची लिपी मोडी होती. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, स्वल्पविराम-पूर्णविराम नव्हते. वाक्य कुठे संपलं हे क्रियापदावरून आणि ‘मग’, ‘तरी’ अशा शब्दांवरून ओळखायचं. अशा पानावर वाक्यात वाक्य आणि त्यात तिसरं वाक्य घातलं, तर वाचणारा हरवणारच. मग छपाई आली. शब्दकोशकार मोल्सवर्थ यांचे सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी विरामचिन्हं मराठीत रुजवली. स्वल्पविराम आणि अर्धविराम मिळाले, आणि लांब वाक्याला विसाव्याच्या जागा मिळाल्या.

त्या जागा पुरेपूर वापरल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. 1874 साली ‘निबंधमाला’ हे मासिक त्यांनी सुरू केलं तेव्हा ते अवघे 23 वर्षांचे होते. 1881पर्यंत 84 अंक निघाले. मेकॉले आणि जॉन्सन हे इंग्रजी लेखक त्यांनी मनापासून वाचलेले. त्यांच्या निबंधात वाक्य ‘जरी’ने उघडतं, विरोधकाचं म्हणणं आत घेतं, त्याला अटी लावतं, आणि ‘तरी’ आल्यावर ते उलथून टाकतं. वाचणारा त्या ‘तरी’ची वाट बघत राहतो. दम लागतो, पण सुटताही येत नाही.

चिपळूणकरांना अशीच वाक्यं लागणार होती, कारण ते साक्ष नोंदवत नव्हते, खटला लढवत होते. वाद घालणाऱ्याला कारण वाचकावर सोडून चालत नाही. कुठला मुद्दा मुख्य, कुठला मान्य पण कमी महत्त्वाचा, हे त्याला वाक्याच्या रचनेतच ठरवून द्यायचं असतं. साक्षीदाराची चाल एक, वकिलाची दुसरी. मराठी गद्याकडे दोन्ही आहेत.

मग साक्षीदाराची चाल प्रामाणिक आणि वकिलाची लबाड, असं समजायचं का? नाही. आमच्या क्षेत्रात सिस्टिम बंद पडली की नंतर अहवाल लिहितात. एका अहवालाच्या मसुद्यात मी हे वाचलं होतं: ‘अमुकने संध्याकाळी बदल केला. रात्री सर्व्हर बंद पडला.’ दोन्ही वाक्यं खरी. पण शेजारी ठेवल्यामुळे वाचणाऱ्याने कारण जोडलं, आणि त्या मुलाकडे बोटं गेली. खरं कारण वेगळं होतं: डिस्क भरली होती. इथे एका मिश्र वाक्याची गरज होती: ‘संध्याकाळी बदल झाला असला, तरी सर्व्हर बंद पडला तो डिस्क भरल्यामुळे.’ व्हॉट्सॲपवरचे कितीतरी फॉरवर्ड याच युक्तीवर चालतात. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवायची, खोटं आपण स्वतःच तयार करतो.

म्हणून पुढच्या वेळी एखादा परिच्छेद वाचताना, किंवा स्वतः लिहिलेला पाठवण्याआधी, तो मोठ्याने म्हणा. आखूड वाक्यं शेजारी शेजारी असतील, तर मध्ये ‘म्हणून’ घालून बघा. ते खरं ठरतं का? ठरत नसेल, तर तिथे काहीतरी सुचवलं जातंय. वाक्य लांब असेल, तर शेवटचं क्रियापद कुणाचं आहे ते बघा, आणि ‘-मुळे’ खाली कोण गेलंय तेही. बऱ्याचदा सगळ्यात वादग्रस्त गोष्ट तिथेच लपलेली असते, ठरलेलीच असल्यासारखी.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात मोडीबद्दल सविस्तर बोलू. तोवर तुमच्या घरच्या ग्रुपवरचा एखादा मेसेज घ्या, त्यात ‘कारण’ कुणी जोडलंय ते शोधा, आणि मला कळवा.